क्लिक येतात, मग ऑर्डर का येत नाही?

ॲमेझॉनवर माल विकणाऱ्या छोट्या उद्योजकाला महिनाअखेरीस एक प्रश्न हमखास पडतो. जाहिरातीवर लोकांनी क्लिक केलं, प्रत्येक क्लिकचे पैसे कापले गेले, मग माल का खपला नाही? दोष बहुतेक वेळा स्पर्धकाच्या स्वस्त मालाला दिला जातो. कधी कधी तो खरोखर तिथं असतोही. पण अनेकदा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो, कारण जे लोक आले ते मुळात दुसरंच काही शोधत होते.

हे नेमकं कसं होतं ते समजून घेण्यासाठी या प्रकरणात एकच वस्तू धरू: बिडाचा डोसा तवा, व्यास 10 इंच, किंमत 900 रुपये, विक्री ॲमेझॉनच्या भारतातल्या संकेतस्थळावर. तवा आणि त्याचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. यंत्रणा मात्र खरी आहे.

1. जाहिरातीत लिहिलेलं तरी काय असतं?

ॲमेझॉनवर काही शोधलं की निकालांमध्ये मध्येच काही वस्तूंवर बारीक अक्षरांत ‘Sponsored’ असं दिसतं. ही ‘स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स’ जाहिरात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत घोषवाक्य असतं, दोन ओळींचा मजकूर असतो. इथं तसं काही लिहायला जागाच नाही. ग्राहकाला दिसतो तो वस्तूचा फोटो, किंमत, तारे आणि लिस्टिंगचं टायटल. म्हणजे टायटल हाच जाहिरातीचा सगळा मजकूर. मोबाइलच्या पडद्यावर तर तोही अर्ध्यात तुटतो, म्हणून पहिल्या सहा-आठ शब्दांवरच काम भागवावं लागतं.

कीवर्ड ग्राहकाला कुठंच दिसत नाही. ती विक्रेत्यानं यंत्रणेला दिलेली सूचना असते: कोणी अमुक शब्द शोधले तर माझी वस्तू दाखव, आणि त्यानं क्लिक केलं तर मी जास्तीत जास्त इतके रुपये देईन. या रकमेला बोली म्हणतात. नुसतं दिसण्याचे पैसे पडत नाहीत, क्लिकचे पडतात. पण मोठी बोली लावली की जाहिरात दिसलीच, असंही नाही. शोधलेले शब्द आणि वस्तू यांचा संबंध आहे की नाही, हे यंत्रणा आधी तपासते. हे नेमक्या कोणत्या सूत्रानं होतं ते ॲमेझॉन जाहीर करत नाही. तरी अनुभव असा, की जो शब्द लिस्टिंगमध्ये कुठंही नाही, त्यावर चढी बोली लावूनही जाहिरात फारशी झळकत नाही.

एसटी स्टँडवर गाडीच्या कपाळावरची पाटी बघून माणसं चढतात, आणि शहाणा कंडक्टर दारात उभा राहून ओरडतो, “कराडचे चढू नका, गाडी बायपासनं जाणार!” टायटल ही पाटी आहे आणि नको असलेल्या शोधांवर जाहिरात रोखणारा निगेटिव्ह कीवर्ड हे कंडक्टरचं ओरडणं. फरक एवढाच, की इथं चुकून चढलेल्या प्रत्येक माणसाचं भाडं गाडीवाल्याला भरावं लागतं.

2. पाटीवर काय लिहायचं?

आपल्या तव्याचं पहिलं टायटल असं होतं असं समजा:

‘Premium Heavy Duty Natural Iron Tava for Kitchen Roti Dosa Chilla Uttapam Multipurpose Best Gift’

वाचायला भरगच्च वाटतं, पण ग्राहक जे टाइप करतो ते यात जवळजवळ नाहीच. ‘Premium’ किंवा ‘Heavy Duty’ लिहून तवा शोधणारे थोडे. ‘Iron’ आहे, पण ‘Cast Iron’ नाही. आता लोखंडी पत्र्याचा तवा आणि बिडाचा तवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत: वजन वेगळं, किंमत वेगळी, घेणारं गिऱ्हाईकही वेगळं. पत्र्याचा तवा तीनशे-चारशेत मिळेल या हिशेबानं आलेला माणूस 900 रुपये बघून परत फिरतो, आणि त्या फेरीचं बिल आपल्या खात्यावर पडतं. 10 इंच हा आकडाही टायटलमध्ये नाही.

सुधारलेलं टायटल असं करता येईल. सुरुवातीला ब्रँडचं नाव, आणि मग:

‘Cast Iron Dosa Tawa 10 inch, Pre-Seasoned, Flat Base for Gas and Induction’

यातला प्रत्येक शब्द एक तर ग्राहक शोधतो म्हणून आला आहे, नाही तर चुकीच्या माणसानं क्लिक करू नये म्हणून. ‘10 inch’ दोन्ही कामं करतो. ‘Induction’ हा शब्द फक्त तवा खरोखर सपाट बुडाचा असेल तरच टाकायचा. बीड इंडक्शनवर तापतं, पण खोलगट तव्याचं बूड काचेला नीट टेकत नाही. खोटा शब्द क्लिक आणतो आणि मागोमाग माल परतही आणतो.

एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याची जुनी खोड आता नियमातही बसत नाही. जानेवारी 2025 पासून ॲमेझॉननं बहुतेक वर्गांमध्ये टायटलला मोकळ्या जागा धरून 200 अक्षरांची मर्यादा घातली आहे, आणि ‘for’, ‘and’ यांसारखे जोडणारे शब्द वगळता एक शब्द दोनपेक्षा जास्त वेळा चालत नाही. मग ‘tava’, ‘thava’, ‘tawa’ या सगळ्या स्पेलिंगांचं काय करायचं? आपल्याकडे हा खरा प्रश्न आहे, कारण घरातला शब्द रोमन लिपीत जो तो आपल्या कानानं लिहितो. टायटलमध्ये सगळ्यांत जास्त शोधलं जाणारं एकच रूप ठेवावं. बाकीची रूपं लिस्टिंगच्या आतल्या बाजूला, ग्राहकाला न दिसणाऱ्या सर्च टर्मच्या रकान्यात भरावीत.

3. यंत्रणा कोणाला आत घेते?

जाहिरात चालवायचे दोन मार्ग आहेत. ऑटो कॅम्पेनमध्ये कीवर्ड द्यावेच लागत नाहीत. ॲमेझॉन आपली लिस्टिंग वाचून, कोणत्या शोधावर ती दाखवायची ते स्वतः ठरवतं. टायटलचा आणि बजेटचा संबंध इथं सगळ्यांत घट्ट आहे. टायटलमध्ये ‘Gift’ टाकलं की तवा गृहप्रवेशाच्या भेटवस्तू शोधणाऱ्यांपुढेही जाऊ शकतो. ‘Roti’ टाकलं की हलका चपातीचा तवा हवा असणारे येतात. टायटलमधला फापटपसारा असा थेट बिलात उतरतो.

मॅन्युअल कॅम्पेनमध्ये कीवर्ड आपण देतो आणि तो किती सैल धरायचा तेही सांगतो. ‘dosa tawa’ हा कीवर्ड घेऊ. ब्रॉड जुळणीत हे शब्द कोणत्याही क्रमानं आणि इतर शब्दांसकट चालतात, जवळच्या अर्थाचे शोधही त्यात येतात. फ्रेज जुळणीत हा जोड त्याच क्रमानं हवा. पुढे-मागे इतर शब्द असले तरी चालतं, म्हणून ‘dosa tawa 10 inch’ आत येतं. एक्झॅक्ट जुळणीत शोध जवळजवळ तेवढाच हवा. एकवचन-अनेकवचनाचा फरक यंत्रणा सांभाळून घेते.

बहुतेक जण सुरुवात ऑटोनं करतात आणि ते बरोबरच आहे. लोक प्रत्यक्षात काय टाइप करतात हे घरबसल्या सुचत नाही. मात्र ऑटो लावून महिनोन् महिने रिपोर्ट न उघडणं, हे पैसे देऊन घेतलेली माहिती फेकून देण्यासारखं आहे. ही माहिती असते सर्च टर्म रिपोर्टमध्ये: ग्राहकानं टाइप केलेले शब्द, त्यावरचे क्लिक, खर्च आणि ऑर्डर.

4. एका महिन्याचा रिपोर्ट

आधी एक आकडा काढून ठेवू. 900 रुपयांच्या तव्यातून माल, पॅकिंग, ॲमेझॉनचं कमिशन, पाठवणी आणि कर वजा जाता 210 रुपये उरतात असं समजा. एका ऑर्डरमागे जाहिरातीवर 210 रुपयांपेक्षा जास्त गेले की आपण पदरचे घालून तवा विकतो आहोत. विक्रेते हे टक्क्यांत बोलतात: जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री. याला ते एकॉस म्हणतात. आपल्या तव्याचा ना-नफा-ना-तोटा एकॉस 210 भागिले 900, म्हणजे सुमारे 23 टक्के.

महिनाभरात 700 क्लिक झाले, सरासरी 9 रुपयांनी 6,300 रुपये गेले, 20 तवे विकले गेले. विक्री 18,000, एकॉस 35 टक्के. 20 तव्यांमागे उरणार होते 4,200 रुपये आणि जाहिरातीलाच गेले 6,300. तोटा 2,100 रुपये.

इथंच थांबलेला विक्रेता म्हणतो, ‘जाहिरात परवडत नाही,’ आणि कॅम्पेन बंद करतो. पण शोधांचे गट पाडले तर चित्र पालटतं.

‘cast iron tawa’, ‘cast iron dosa tawa’ असे बीड स्पष्ट मागणारे शोध: 220 क्लिक, 1,980 रुपये, 13 ऑर्डर. एका ऑर्डरला 152 रुपये. हा गट नफ्यात आहे.

नुसतं ‘dosa tawa’ किंवा ‘tawa for dosa’: 170 क्लिक, 1,530 रुपये, 5 ऑर्डर. ऑर्डरमागे 306 रुपये.

‘induction tawa’ आणि तत्सम: 90 क्लिक, 810 रुपये, 2 ऑर्डर.

‘non stick dosa tawa’ आणि त्याची भावंडं: 140 क्लिक, 1,260 रुपये, एकही ऑर्डर नाही.

‘tawa stand’, ‘tawa lid’, ‘tawa cleaning brush’ वगैरे: 45 क्लिक, 405 रुपये, शून्य.

उरलेले 35 क्लिक एकेकदाच आलेल्या विखुरलेल्या शोधांचे, 315 रुपये. त्यांच्याकडे सध्या बघायचं नाही. एका क्लिकवरून काहीच कळत नाही.

तोटा सगळीकडे सारखा पसरलेला नाही, हे इथं दिसतं. नॉनस्टिक मागणाऱ्याला बिडाचा तवा नको आहे आणि तव्याचं स्टँड मागणाऱ्याकडे तवा आहेच. या दोन गटांवर 1,665 रुपये गेले. ते वाचले असते तर तितक्याच 20 ऑर्डरी 4,635 रुपयांत पडल्या असत्या आणि एकॉस 26 टक्क्यांच्या आत आला असता. तोटा 2,100 वरून 435 वर.

5. दारात उभं राहून काय ओरडायचं?

निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे ‘हे शब्द शोधणाऱ्याला माझी जाहिरात दाखवू नको’ ही सूचना. स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्समध्ये तिच्या दोनच जाती आहेत, निगेटिव्ह फ्रेज आणि निगेटिव्ह एक्झॅक्ट. ब्रॉड निगेटिव्ह नाही. या दोन जातींतला फरक न कळल्यामुळे चालता धंदा बंद पडतो, म्हणून इथं जरा थांबू.

निगेटिव्ह फ्रेजमध्ये दिलेला शब्द किंवा जोड ज्या ज्या शोधात येईल तो सगळा शोध बंद होतो. ‘non stick’ हा निगेटिव्ह फ्रेज लावला की ‘non stick dosa tawa’, ‘tawa non stick big size’ असे शंभर प्रकार एका फटक्यात गेले. लोक ‘nonstick’ असं जोडूनही लिहितात, तेव्हा ते रूप वेगळं भरून ठेवावं. यंत्रणा आपलं आपण ओळखेल या भरवशावर राहू नये. ‘stand’, ‘lid’, ‘brush’ हे एकेक शब्द फ्रेज म्हणून लावले तरी पुरे, कारण ते असलेला कुठलाच शोध आपल्या कामाचा नाही.

निगेटिव्ह एक्झॅक्टमध्ये फक्त तेवढाच शोध बंद होतो. समजा नुसत्या ‘tawa’ या एका शब्दावर भाराभर क्लिक येतात आणि विक्री होत नाही. तो निगेटिव्ह एक्झॅक्ट लावला, तर फक्त ‘tawa’ एवढंच टाइप करणारा बाहेर राहतो, ‘cast iron tawa’ वाला आत येतो. पण चुकून तोच शब्द निगेटिव्ह फ्रेज म्हणून लावला, तर ‘tawa’ असलेला प्रत्येक शोध बंद. नफ्याचे ते 13 तवेही गेले. दुसऱ्या दिवशी जाहिरात दिसण्याचा आकडा एकदम जमिनीवर येतो आणि बोली, बजेट सगळं जागच्या जागी असतं. असं दिसलं की सगळ्यांत आधी निगेटिव्हची यादी उघडून बघावी, विशेषतः फ्रेज रकान्यात नोंदलेले एकेकटे शब्द.

म्हणून माझा सल्ला कंजूषपणाचा आहे: फ्रेज लावण्याआधी तो शब्द रिपोर्टच्या सगळ्या रांगांमध्ये शोधून बघावा आणि ऑर्डर आलेल्या एखाद्या शोधात तो आहे का ते तपासावं. ‘12 inch’ हा शब्द आज बंद करणं योग्य आहे, कारण आपला तवा 10 इंची आहे. उद्या 12 इंची तवा त्याच कॅम्पेनमध्ये आणला, तर आपणच लावलेलं कुलूप आपल्याला आडवं येईल.

निगेटिव्हचा आणखी एक वापर आहे. ‘cast iron dosa tawa’ चांगला चालतो म्हणून तो मॅन्युअल कॅम्पेनमध्ये एक्झॅक्ट कीवर्ड म्हणून घेतला, की ऑटोमध्ये तोच निगेटिव्ह एक्झॅक्ट करतात. मग त्या शब्दाची बोली एकाच ठिकाणी ठरते आणि हिशेब दोन जागी फाटत नाही. फक्त घाई करू नये. नव्या कॅम्पेनमध्ये त्या शब्दावर क्लिक यायला लागल्यावरच ऑटोतला दरवाजा बंद करावा, नाहीतर चालणारा शब्द दोन्हीकडून जातो.

6. विक्री नाही म्हणून लगेच बंद?

नॉनस्टिकचं सोपं होतं, शब्दाचा अर्थच सांगतो की हे गिऱ्हाईक आपलं नाही. तिथं क्लिक मोजत बसायची गरज नाही. अडचण येते ती अर्थानं आपल्या असणाऱ्या, पण विक्री न देणाऱ्या शब्दांची.

9 रुपयांचा क्लिक आणि ऑर्डरमागे 210 रुपये, म्हणजे 23 क्लिकमध्ये एक ऑर्डर आली तर आपण बरोबरीत सुटतो. म्हणून अनेक जण नियम करतात, 23 क्लिक झाले आणि ऑर्डर नाही, तर शब्द निगेटिव्ह. हा नियम उतावळा आहे. सरासरी 23 क्लिकमागे एक ऑर्डर देणारा शब्दसुद्धा, निव्वळ योगायोगानं, साधारण तीनात एकदा सलग 23 क्लिक कोरडे देतो. 46 क्लिकपर्यंत कोरडा राहण्याची शक्यता सुमारे 13 टक्के उरते आणि 69 पर्यंत 5 टक्क्यांच्या आसपास. तेव्हा अर्थानं जुळणाऱ्या शब्दाला या उंबरठ्याच्या दोन-तीन पट क्लिक द्यावेत आणि तोवर बोली उतरवून खर्च आवरावा.

‘dosa tawa’चं तसंच. 170 क्लिकला 5 ऑर्डर म्हणजे एक क्लिक आपल्याला सरासरी 6 रुपये 18 पैसे कमावून देतो. त्यासाठी 9 रुपये देणं तोट्याचं, पण 5 किंवा साडेपाच रुपयांना तोच क्लिक नफ्याचा. हा शब्द निगेटिव्ह करायचा नाही, त्याची बोली खाली आणायची. क्लिक कमी येतील, येऊ द्यावेत. उलट ‘cast iron’ गटाचा एक क्लिक 12 रुपये 40 पैसे कमावतो. वाचलेले पैसे तिथं बोली थोडी वाढवायला वापरता येतात.

इंडक्शनच्या गटाचं उत्तर मात्र बोलीत नाही आणि निगेटिव्हमध्येही नाही. जुन्या टायटलमध्ये इंडक्शनचा उल्लेखच नव्हता. ग्राहक फोटो बघून आला, खाली शोधलं, खात्री झाली नाही, परत गेला. तवा सपाट बुडाचा असेल तर टायटल बदलावं आणि मग त्या शब्दावरचे क्लिक नव्यानं मोजावेत. जुने 90 क्लिक नव्या टायटलचा निकाल सांगत नाहीत. तवा खोलगट असेल तर ‘induction’ सरळ निगेटिव्ह फ्रेजमध्ये.

7. रिपोर्ट वाचताना फसवणाऱ्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट तारखांची. क्लिकनंतर सात दिवसांत झालेली ऑर्डर त्या क्लिकच्या नावावर जमा होते. काल क्लिक केलेला माणूस पगार झाल्यावर, येत्या शनिवारीही तवा घेऊ शकतो. म्हणून शेवटचा आठवडा रिपोर्टमध्ये नेहमी खरा असतो त्यापेक्षा वाईट दिसतो. निगेटिव्ह ठरवताना तो आठवडा सोडून त्याआधीचे दिवस धरावेत. सणाच्या आधीचे दिवस तर वेगळेच वाचावेत: दिवाळीत ‘gift’वर विकलेला तवा फेब्रुवारीत त्याच शब्दावर विकला जाईलच असं नाही.

दुसरी गोष्ट, ऑटो कॅम्पेनच्या रिपोर्टमध्ये शब्दांच्या रांगेत ‘b0’नं सुरू होणारी दहा अक्षर-आकड्यांची नावं दिसतात. हा कोणी टाइप केलेला शोध नसतो. आपली जाहिरात दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या पानावर दिसली आणि तिथून क्लिक आला, तेव्हा त्या वस्तूचा क्रमांक इथं नोंदला जातो. तो निगेटिव्ह कीवर्ड म्हणून कितीही वेळा भरला तरी काही थांबत नाही. क्रमांक ॲमेझॉनच्या शोधपेटीत टाकून वस्तू कोणती ते बघावं. ती 350 रुपयांचा नॉनस्टिक तवा निघाली, तर निगेटिव्ह प्रॉडक्ट टार्गेटिंगच्या वेगळ्या रकान्यात तो क्रमांक भरावा लागतो. ती आपल्यापेक्षा महाग बिडाचा तवा निघाली, तर मात्र त्या पानावर आपण दिसत राहणं फायद्याचं आहे.

आणि सगळी झाडलोट करूनही ‘cast iron dosa tawa 10 inch’ या नेमक्या शोधावरच क्लिक येऊन ऑर्डर येत नसेल, तर यादीत आणखी शब्द भरून उपयोग नाही. माणूस योग्य गाडीत चढला आहे आणि तरी उतरतो आहे. अशा वेळी किंमत शेजारच्या तव्यांशी ताडून बघावी, फोटोत तव्याचं बूड आणि मूठ नीट दिसते का ते पाहावं, आणि एक-दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलं आहे ते वाचावं. बिडाच्या तव्याच्या बाबतीत तक्रारी बहुधा दोनच असतात: गंजला किंवा वाटेत तडकला. पहिलीसाठी तेल लावून ठेवायची चिठ्ठी खोक्यात घालावी लागते, दुसरीसाठी खोकंच बदलावं लागतं.